सिंकखालचं पाणी वर आणताना

नवं स्वयंपाकघर करून घेणाऱ्या बऱ्याच घरांना हल्ली भिंतीवरचा वॉटर प्युरिफायर नको असतो. ओट्यामागची भिंत मोकळी राहावी, यंत्र सिंकखालच्या कपाटात जावं आणि वर फक्त पिण्याच्या पाण्याचा एक लहानसा नळ दिसावा, अशी मागणी असते. मागणी रास्त आहे. पण घरात आधीपासून असलेलं भिंतीवरचं यंत्र उतरवून सिंकखाली ठेवलं आणि त्याला वरचा नळ जोडला, तर नळाला पाण्याचा थेंब येत नाही. भिंतीवरच्या यंत्रातली सात-आठ लिटरची टाकी साधी असते. शुद्ध झालेलं पाणी तिच्यात साठतं आणि तळाशी असलेल्या तोटीतून स्वतःच्या वजनाने बाहेर पडतं. तीच टाकी कपाटात गेली की पाण्याला नळाच्या तोंडापर्यंत हातभर, कधी दोन हात वर चढावं लागतं. ते आपण होऊन चढत नाही.

म्हणून सिंकखालच्या जोडणीचा विचार करताना पहिला प्रश्न ब्रँडचा किंवा नळाच्या रूपाचा नसून दाबाचा असतो. पाणी नळापर्यंत ढकलणार कोण? याची उत्तरं तीनच आहेत. यंत्रात साठवण नसेल, म्हणजे साधा कार्बन फिल्टर किंवा यूव्ही-यूएफ असेल, तर गच्चीवरच्या टाकीचा दाबच पाणी फिल्टरमधून पार करून नळातून बाहेर काढतो. दुसऱ्या प्रकारात शुद्ध पाणी एका बंद प्रेशर टँकमध्ये साठतं आणि आतली दाबलेली हवा ते वर ढकलते. तिसऱ्या प्रकारात नळ उघडताच एक छोटा पंप सुरू होतो. यंत्र घेताना दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला तो अडखळला, तर त्याच्याकडून फक्त माहितीपत्रक मागून घ्यावं.

आरओ घ्यायचा असेल तर प्रेशर टँकची व्यवस्था मला सगळ्यांत भरवशाची वाटते, आणि ती समजून घेण्यासारखीही आहे. घरगुती आरओच्या मेंब्रेनवर ७५ किंवा ८० जीपीडी असं लिहिलेलं असतं. म्हणजे आदर्श परिस्थितीत चोवीस तासांत ७५ किंवा ८० अमेरिकन गॅलन, सुमारे पावणेतीनशे ते तीनशे लिटर. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण मिनिटाचा हिशेब केला तर ते जेमतेम २०० मिलिलिटर भरतं. थेट मेंब्रेनमधून पाणी घेतलं तर पेला भरायला एक मिनिटाहून जास्त वेळ लागेल. म्हणून पाणी आधी साठवून ठेवावं लागतं.

प्रेशर टँकच्या पोटात रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. टँक रिकामा असताना हवेचा दाब साधारण सात पीएसआय, म्हणजे प्लंबरच्या भाषेत अर्धा किलो ठेवलेला असतो. पाणी आत शिरत जातं तशी हवा दाबली जाते, आणि दाब अडीच-पावणेतीन किलोपर्यंत गेला की प्रेशर स्विच पंप बंद करतो. नळ उघडला की हीच हवा पाणी वर ढकलते. हवेला जागा लागतेच, त्यामुळे बारा लिटरचा म्हणून घेतलेल्या टँकमध्ये पाणी सात लिटरांच्या आसपासच मावतं. हे आधी माहीत नसलं की लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. तशी ती नसते.

आता एक स्वयंपाकघर घेऊन सगळी जोडणी पाहू. माझी मावसबहीण पुण्यात वाकडला राहते. अकरा मजली इमारत, तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. सोसायटीत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत एकत्र होतं. तिने टीडीएस मीटरने मोजलं तेव्हा पावसाळ्यात आकडा १८० होता, मे महिन्यात ६४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तिच्याकडे उन्हाळ्यात आरओची गरज होती हे उघड आहे. ज्यांच्याकडे वर्षभर फक्त धरणाचं, शंभर-दीडशे टीडीएसचं पाणी येतं त्यांनी आरओ न घेता यूव्ही-यूएफवर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची जोडणी सोपी होते, निम्मं सामान कमी लागतं आणि पाणी वाया जात नाही. काही सोसायट्यांमध्ये स्वयंपाकघरात दोन लाइनी असतात, एक पिण्याची आणि एक वापरायची. तिथे यंत्राची जोडणी चुकून वापरायच्या लाइनवर झाली तर शुद्धीकरणाचा बोजा विनाकारण वाढतो. दोन्ही नळांखाली मीटर धरला की कोणती लाइन कुठली ते लगेच कळतं.

जोडणी सुरू होते सिंकखालच्या अँगल कॉकपासून. मिक्सरला दोन अँगल कॉक असतात, एक थंड आणि एक गरम. यंत्राची टी थंड पाण्याच्या कॉकवर बसवायची. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण सोलर असलेल्या इमारतींत गरम लाइनचं पाणी सकाळी लवकर थंडच येतं, आणि फिटिंग करणाऱ्याने नुसता हात लावून लाइन ओळखली तर चूक होऊ शकते. घरगुती मेंब्रेनची तापमानाची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस असते. दुपारच्या सोलरच्या पाण्याने मेंब्रेन खराब होतं, नळ्याही मऊ पडतात. मिक्सर डावीकडे वळवून गरम पाणी येईपर्यंत वाट पाहायची आणि कोणता कॉक तापला ते बघायचं, एवढं केलं की पुरे.

टीच्या तोंडाला एक छोटा बॉल व्हॉल्व्ह असतो. यंत्राचं पाणी बंद करायचं ते इथे. तो कपाटात हात घातल्याबरोबर सापडेल असा, पुढच्या बाजूला वळवून बसवून घ्यावा.

यानंतर बहिणीच्या घरी जी गोष्ट लागली, ती सगळ्यांना लागत नाही. पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक किलो दाब तयार होतो. तिच्या ओट्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत तीस मीटर धरले तर सिंकखाली तीन किलो दाब येतो. बहुतेक घरगुती यंत्रांच्या माहितीपत्रकात आत येणाऱ्या पाण्याचा कमाल दाब दोन ते तीन किलो लिहिलेला असतो. म्हणजे तिचं यंत्र कायम मर्यादेच्या काठावर राहिलं असतं. रात्री कुणी पाणी वापरत नसतं तेव्हा लाइनमधला दाब पुरता चढतो, आणि कच्चा जोड सुटायचा तो बहुधा त्याच वेळी. म्हणून प्लंबरने टीनंतर लगेच एक पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला आणि तो दीड किलोवर ठेवला. तिच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावरच्या घरात चित्र उलटं आहे. टाकी डोक्यावर जेमतेम तीन-चार मीटर, म्हणजे दाब पाव किलोच्या थोडा वर. तिथे पीआरव्हीची गरज नाही, पण साठवण नसलेलं यंत्र घेतलं तर नळाला करंगळीएवढी धारही येणार नाही. एकाच इमारतीत, एकाच कंपनीचं यंत्र एका घरात उत्तम चालतं आणि दुसऱ्या घरात रडत चालतं, त्यामागे बहुतेक वेळा मजलाच असतो.

यंत्रातल्या सगळ्या नळ्या पाव इंची प्लास्टिकच्या असतात आणि त्या पुश फिटिंगमध्ये नुसत्या दाबून बसवतात. इथे टेफ्लॉन टेप लागत नाही, पान्हा लागत नाही. मात्र नळी काटकोनात कापलेली हवी. तिरकी कापली किंवा टोकाला ओरखडा राहिला तर आतली रबरी रिंग नीट धरत नाही आणि थेंब थेंब गळती सुरू होते. धारदार ब्लेडने सरळ कापायची, आत टेकेपर्यंत ढकलायची, मग एकदा मागे ओढून बघायची आणि छोटी सी-क्लिप अडकवायची. कात्रीने नळी कापणारा माणूस दिसला तर त्याला थांबवावं, कारण कात्रीने नळी चपटी होते.

आत येणारी नळी ही पहिली, नळाकडे जाणारी तिसरी. मधली दुसरी नळी रिजेक्ट पाण्याची, आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. अमेरिकेत ही नळी सिंकच्या वेस्ट पाइपला एका क्लॅम्पने जोडतात. पाइपच्या वरच्या अंगाला, ट्रॅपच्या आधी, सहा-सात मिलिमीटरचं भोक पाडून त्यावर क्लॅम्प आवळतात. आपल्याकडे अनेक सिंकांना वेस्ट पाइप म्हणून वळ्यावळ्यांची लवचीक प्लास्टिकची नळी असते, आणि वळ्यांवर क्लॅम्प कधीच घट्ट बसत नाही. तिथे खरकटं पाणी झिरपत राहतं. अशा ठिकाणी पाइपचा वरचा तुकडा तरी सरळ, कडक पीव्हीसीचा करून घ्यावा, किंवा जास्तीचं तोंड असलेला बॉटल ट्रॅप लावावा. ट्रॅपच्या पुढे, म्हणजे गटाराच्या बाजूला, ही नळी कधीही जोडू नये. ट्रॅपमधलं पाणी गटाराचा वास अडवतं. ते ओलांडून जोडणी केली तर वासाला यंत्राच्या दिशेने रस्ता मिळतो.

बहिणीने रिजेक्टची नळी वेस्ट पाइपला जोडलीच नाही. तिच्या सिंकमागच्या भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी आहे. भिंतीतून बारीक भोक पाडून नळी तिकडे नेली आणि झाकणाच्या ड्रममध्ये सोडली. चौघांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला बारा लिटर शुद्ध पाणी लागतं असं धरू. यंत्र आत आलेल्या पाण्यापैकी तीस टक्के शुद्ध करून देत असेल, तर चाळीस लिटर आत जातं आणि अठ्ठावीस लिटर बाहेर पडतं. क्षार कुठे नाहीसे होत नाहीत. ते या अठ्ठावीस लिटरांत जमा होतात, त्यामुळे ६४० टीडीएसच्या पाण्यातून बाहेर येणाऱ्या रिजेक्टचा टीडीएस ८९०च्या आसपास जातो. हे पाणी लादी पुसायला, बाल्कनी धुवायला, संडासात टाकायला चांगलं चालतं. कुंड्यांना मात्र रोज घालू नये, मातीत क्षार साचत जातात. लांब नळी नेताना ती कुठे दुमडली जात नाही आणि ड्रमच्या पाण्यात बुडून राहत नाही, एवढं पाहावं. रिजेक्ट तुंबलं की मेंब्रेनवरचे क्षार धुऊन निघत नाहीत. मग शुद्ध पाण्याचा टीडीएस हळूहळू वर सरकतो आणि मेंब्रेन वेळेआधी बदलावं लागतं. नळीचं टोक ड्रमच्या काठाच्या वर, हवेत ठेवल्याचा आणखी एक फायदा असतो: लाइनमध्ये कधी उलटी ओढ निर्माण झाली तरी ड्रममधलं पाणी यंत्राकडे खेचलं जात नाही. अमेरिकेत काही ठिकाणच्या नियमांनुसार हीच मोकळी जागा नळातच ठेवतात. त्या नळांना खालून एकाऐवजी तीन नळ्या जोडाव्या लागतात आणि ओट्याला भोकही मोठं लागतं. परदेशातल्या नातेवाइकांनी असा नळ पाठवला तर तो आपल्या यंत्राला सरळ बसणार नाही.

विजेचं एक वाक्यात सांगतो: कपाटातला सॉकेट पाण्याच्या जोडांच्या वर आणि एका बाजूला घ्यावा, आणि घराच्या बोर्डात आरसीसीबी असेल तरच तो वापरात आणावा.

आता नळ. दुकानात तो शेवटी निवडायचा म्हणून ठेवलेला असतो, पण त्याचं भोक मात्र ओटा बसवायच्या दिवशीच पडतं. म्हणजे काळाचा क्रम उलटा असतो. ग्रॅनाइटवाला विचारतो, ‘‘ताई, आरओचं होल कुठं मारू?’’ आणि ताई सिंकच्या कोपऱ्यावर बोट ठेवतात. तिथून पुढे नळाला त्या भोकाशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून नळ आधी हातात हवा.

या लहान नळांना साधारण बारा मिलिमीटरचं भोक पुरतं. ग्रॅनाइटमध्ये ते डायमंड कोअर बिटने, पाण्याची धार सोडत पाडतात. हॅमर लावून पाडलं तर दगडाला खालच्या बाजूने टवका उडतो आणि कडेजवळ चीर जाते. बहिणीच्या ओट्यावर सिंकच्या मागच्या कडेपासून भिंतीच्या टाइलपर्यंत आठ सेंटिमीटर जागा होती. भोक बरोबर मधोमध, दोन्हीकडून चार सेंटिमीटर सोडून घेतलं. मिक्सरपासून बाजूला एवढं अंतर ठेवलं, की मिक्सरची मान फिरली तरी लहान नळाला धडकणार नाही.

खरी अडचण जाडीची होती. आपल्याकडे ओट्याचा ग्रॅनाइट बहुतेक वेळा कडाप्प्यावर बसवलेला असतो. ग्रॅनाइट अठरा मिलिमीटर, मधे सिमेंटचा थर, खाली कडाप्पा पंचवीस-तीस मिलिमीटर. सगळं मिळून पन्नास मिलिमीटरच्या वर जातं. लहान नळाच्या खालच्या दांड्यावर आटे असतात आणि त्यावर खालून चेकनट आवळायचा असतो. बहिणीने आणलेल्या नळाचे आटे मोजले तर पंचेचाळीस मिलिमीटर. नट खालून पोहोचणारच नव्हता. बहुतेक नळ पातळ स्टीलचं सिंक किंवा एकेरी दगड गृहीत धरून बनवलेले असतात, त्यामुळे ही अडचण आपल्या घरांत वारंवार येते. यावर चांगला उपाय असा, की खालून फक्त कडाप्प्यात पस्तीस मिलिमीटरचं मोठं भोक कोरायचं, ग्रॅनाइटपर्यंत थांबायचं, आणि नट थेट ग्रॅनाइटच्या पोटाला आवळायचा. तिच्याकडे तेच केलं. ओटा अजून बसवायचा असेल तर कडाप्पा अंथरतानाच त्या जागी खाच ठेवून घेणं सर्वांत सोपं. सिंकलाच नळासाठी स्टीलची पट्टी असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. नट न आवळता सिलिकॉनवर नळ चिकटवून देणारेही भेटतात. रोज हँडल ओढलं जाणारा नळ सिलिकॉनवर टिकत नाही. काही महिन्यांत डुलायला लागतो आणि त्या फटीतून ओट्यावरचं पाणी कपाटात उतरतं.

नळाची मान किती लांब आणि किती उंच हवी, हेही मोजून ठरतं. भोकापासून सिंकची कड चार सेंटिमीटर. पाणी सिंकच्या भिंतीवर न पडता निदान दहा सेंटिमीटर आत पडावं, म्हणजे बाटली सरळ उभी राहते. तर मानेची पोहोच चौदा-पंधरा सेंटिमीटर हवी. बाजारात दहा सेंटिमीटर पोहोचीचे, दिसायला नाजूक नळ खूप आहेत. ते अगदी कडेला बसवले तरच चालतात. उंचीची मात्र फार हाव धरू नये. सिंक बावीस सेंटिमीटर खोल असेल तर त्यात उभी केलेली तीस सेंटिमीटरची बाटली ओट्याच्या वर आठच सेंटिमीटर येते. नळाचं तोंड ओट्यापासून अठरा-वीस सेंटिमीटरवर असलं की तांब्या, कुकर, बाटली सगळं सहज भरतं. त्याहून उंच मानेचा नळ घेतला तर धार उंचावरून पडून शिंतोडे उडतात. हँडल मागे भिंतीकडे वळणारं असेल तर चार सेंटिमीटरच्या जागेत ते टाइलला आपटतं, म्हणून पुढे किंवा बाजूला वळणारं घ्यावं. आतमध्ये सिरॅमिक डिस्क असलेला, पाव फेऱ्यात उघडणारा नळ जास्त वर्षं न ठिबकता चालतो.

एकाच मिक्सरमध्ये गरम, थंड आणि पिण्याचं अशी तिन्ही पाणी देणारे नळही मिळतात. पिण्याच्या पाण्याची वाट आतून वेगळी असते, त्यामुळे पाणी मिसळत नाही. ओट्यावर एक भोक वाचतं. तरीही मी वेगळ्या लहान नळाच्या बाजूचा आहे. त्यातला एक भाग बिघडला की सगळा मिक्सर काढावा लागतो, आणि खरकट्या हाताने ज्या मानेला दिवसभर हात लागतो तिच्याच टोकातून पिण्याचं पाणी घेणं मला पटत नाही.

नळ कशाचा आहे हा प्रश्न दुकानात सर्वांत कमी विचारला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे उरतात आणि ते किंचित आम्लधर्मी होतं. साध्या जड पाण्याने धातूवर आतून क्षारांचा पातळ थर बसतो आणि तो धातूला झाकून ठेवतो. आरओच्या पाण्याने तो थर बसत नाही, उलट असं पाणी धातूतून कण सोडवून घेतं. पितळ यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळायची जुनी रीत आहे. नळाला बाहेरून क्रोमची चकाकी असली तरी आतून पाणी उघड्या पितळेलाच लागतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आयएस १०५०० नुसार लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे अत्यंत थोडी. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळांत, पाणी लागणाऱ्या भागात शिशाचं सरासरी प्रमाण पाव टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून लहान नळ घेताना ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, किंवा पितळेचा असेल तर तो शिसेमुक्त असल्याचं लेखी पाहावं. दुकानात चुंबक लावून दाखवतात, त्याचा इथे उपयोग नाही. ३०४ स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण पितळेला आणि स्वस्त नळांतल्या जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.

नळ कोणताही असला तरी रात्रभर त्याच्या मानेत आणि दांड्यात पाणी उभं असतं. सकाळी पहिला पेला भांड्यांच्या पाण्यात सोडून द्यावा. यंत्र बरेच तास थांबल्यावर मेंब्रेनमधून निघणाऱ्या पहिल्या पाण्याचा टीडीएसही थोडा जास्त असतो.

नवीन जोडणीनंतर पहिला भरलेला टँक पूर्ण सोडून द्यायचा, कारण कार्बनची काळी पूड आणि नव्या टँकचा वास त्यात उतरतो. दुसरा भरल्यावर प्यायला घ्यायचं. पुढच्या काळात दोन तक्रारी हमखास येतात आणि दोन्ही घरच्या घरी ओळखता येतात.

पहिली: नळाची धार पहिल्या पेल्याला जोरात, मग एकदम करंगळीएवढी, तरी टँक उचलून पाहिला तर जड. याचा अर्थ टँकमधली हवा कमी झाली आहे. पाणी आत आहे, ढकलणारं कुणी नाही. आत येणारं पाणी बंद करून नळ उघडा ठेवावा आणि टँक रिकामा होऊ द्यावा. टँकच्या बाजूला निळ्या झाकणाखाली सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. सायकलच्या पंपाने हवा भरून मापकावर सात पीएसआय करावी. व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटला आहे आणि टँक बदलावा लागेल.

दुसरी: कुणी पाणी घेतलेलं नसताना रात्री पंप मधूनमधून घरघरतो. टँक भरला की सगळं शांत व्हायला हवं, म्हणजे पाणी कुठून तरी जातंय. आधी नळाच्या तोंडाखाली आणि कपाटातल्या जोडांखाली कोरडा टिश्यू ठेवून पाहावा. ते कोरडे राहिले तर रिजेक्टची नळी पाहावी. पंप बंद होऊन पंधरा मिनिटं झाल्यावरही ती ठिबकत असेल तर टीवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करावा. ठिबकणं थांबलं तर आत येणारं पाणी अडवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. थांबलं नाही, तर टँकमधलं शुद्ध पाणीच उलटं मेंब्रेनमधून निघून चाललं आहे आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला आहे. दोन्ही भाग लहान आहेत आणि सुटे मिळतात. नेमका कोणता गेला हे सांगता आलं तर मेकॅनिक सगळं यंत्र उघडून मेंब्रेन बदलायचा सल्ला देत नाही.

फिटिंगवाल्याला पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर दोन मोजमापं करून घ्या. वरच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजा, आणि टँक भरत असताना मिनिटभर रिजेक्टची नळी मोजपात्रात धरून किती पाणी निघतं ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हेच दोन आकडे पुन्हा मोजले की यंत्राची तब्येत कळते. आणि पहिल्या रात्री कपाटाचं दार उघडं ठेवून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवा. सकाळी एखादा तुकडा ओला दिसला, तर त्याच दिवशी फिटिंगवाल्याला परत बोलवा.